चेहरा खरा, ओठ खोटे: गुंतवणुकीच्या डीपफेक जाहिराती कशा ओळखायच्या?

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम स्क्रोल करताना असा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन एका ओळखीच्या न्यूज चॅनेलच्या चौकटीत दिसतात आणि सांगतात की, एकदाच २१ किंवा २२ हजार रुपये भरा आणि दर महिन्याला लाखो रुपये मिळवा. कधी त्यांच्या जागी इन्फोसिसचे नारायण मूर्ती असतात, कधी मुकेश अंबानी. योजनेचं नाव बदलत राहतं. 'क्वांटम एआय' हे त्यातलं बऱ्याचदा दिसलेलं नाव.

हे व्हिडिओ खोटे आहेत हे त्या त्या व्यक्तींनी आणि संस्थांनी वेळोवेळी सांगितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी एक्सवर पोस्ट लिहून आपण अशा कोणत्याही ऑटोमेटेड ट्रेडिंग अ‍ॅपची शिफारस केलेली नाही असं स्पष्ट केलं. त्याच महिन्यात रतन टाटांनी आपल्या नावाने फिरणाऱ्या बनावट मुलाखतीबद्दल लोकांना सावध केलं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा व्हिडिओ आला, तो एका गेमिंग अ‍ॅपचा होता, आणि त्यात मुलगी साराचंही नाव ओढलं होतं. त्या प्रकरणात मुंबईत गुन्हाही दाखल झाला. सीतारामन यांचे व्हिडिओ तर पीआयबी फॅक्ट चेकने एकदा नव्हे, अनेकदा खोटे ठरवलेत.

तरीही ते येतच राहतात, आणि लोक पैसे भरतच राहतात. याचं एक कारण असं की डीपफेक म्हटलं की आपण संपूर्ण बनावट माणूस शोधायला जातो. विचित्र डोळे, सहा बोटं, मेणाच्या पुतळ्यासारखा चेहरा. या जाहिरातींमध्ये तसं काही सापडत नाही, कारण त्यातला माणूस खरा असतो. डोळे त्यांचे, साडी किंवा कोट त्यांचा, मागची खुर्ची आणि समोरचा माइकही खरा. खोटा असतो तो फक्त आवाज आणि नाकाखालचा भाग.

नेमकं बदललं काय जातं?

गुंतवणुकीच्या बहुतेक बनावट क्लिप जुन्या, खऱ्या व्हिडिओवर बनवलेल्या असतात. एखादी मुलाखत, पत्रकार परिषद किंवा कंपनीच्या सर्वसाधारण सभेतलं भाषण. प्रसिद्ध माणसांचे असे तासन् तास व्हिडिओ यूट्यूबवर पडलेले आहेत. त्यातूनच आवाजाचा नमुना घेतला जातो. आवाजाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला फार मोठा नमुना लागत नाही, आणि एकदा नक्कल तयार झाली की टाइप केलेला कोणताही मजकूर त्या आवाजात ऐकवता येतो.

मग प्रश्न उरतो ओठांचा. नवा आवाज आणि जुने ओठ जुळत नाहीत. त्यासाठी 'लिप-सिंक' तंत्र वापरलं जातं. हे तंत्र समजून घेण्यासाठी एक आपल्याकडचंच उदाहरण आहे. हैदराबादच्या आयआयआयटीमधल्या संशोधकांनी २०२० साली 'वेव्ह-टू-लिप' नावाचं मॉडेल प्रसिद्ध केलं. हेतू चांगला होता. एका भाषेतलं व्याख्यान दुसऱ्या भाषेत डब केलं, तर बोलणाऱ्याचे ओठ नव्या भाषेप्रमाणे हलावेत. हे मॉडेल प्रत्येक फ्रेममध्ये चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकतं आणि आवाज ऐकून तेवढा भाग नव्याने रंगवतं. बाकी चित्राला हात लावत नाही.

त्यात एक मर्यादा होती. मॉडेल चेहरा ९६ गुणिले ९६ पिक्सेल एवढ्याच आकारात तयार करायचं. म्हणजे मूळ व्हिडिओ कितीही स्पष्ट असला, तरी तोंडाच्या जागी हे छोटं चित्र ताणून चिकटवलं जातं. डोळ्यांच्या पापण्या सुट्या सुट्या मोजता येतात, पण दात म्हणजे एक पांढरी पट्टी दिसते, असा प्रकार त्यातून होतो. आजची साधनं त्याच्या बरीच पुढे गेली आहेत. पण तत्त्व तेच आहे. खऱ्या चेहऱ्यावर नवं तोंड बसवायचं, आणि जिथे बसवलं तिथे सांधा राहतो. आपल्याला तो सांधा शोधायचाय.

प, फ, ब, भ, म: शाळेतलं व्याकरण इथे कामाला येतं

लहानपणी वर्णमाला शिकताना ओष्ठ्य वर्ण शिकवले होते ते आठवतं? प, फ, ब, भ, म. पैकी प, ब, भ आणि म उच्चारताना दोन्ही ओठ एकमेकांना टेकावेच लागतात. न टेकता 'म' म्हणून बघा, जमणार नाही. फ वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारतात. 'फायदा' किंवा 'प्लॅटफॉर्म' म्हणताना अनेकांचा खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. पण त्यातही ओठांची काहीतरी ठरावीक हालचाल व्हावीच लागते.

गंमत म्हणजे गुंतवणुकीच्या जाहिराती या अक्षरांनी भरलेल्या असतात. पैसे, भरा, महिना, बँक, मिळतील, प्रॉफिट, प्लॅटफॉर्म. हिंदी असेल तर पैसा, मुनाफा, भरोसा. त्यामुळे तपासायला शब्द हवे तेवढे मिळतात.

करायचं एवढंच. व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर घ्या आणि एकदा आवाज बंद करून पाहा. डोळे-कपाळ सोडून फक्त तोंडाकडे बघा. आवाज नसला की मेंदू शब्दांच्या मागे धावत नाही, आणि तोंड बाकीच्या चेहऱ्यापासून सुटं झाल्यासारखं वाटतंय का ते लगेच जाणवतं. मग आवाज चालू करून वेग कमी करा. यूट्यूबवर ०.२५ पर्यंत वेग खाली आणता येतो. कॉम्प्युटरवर पाहत असाल तर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची `.` आणि `,` ही बटणं दाबा, व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे-मागे सरकतो. आता 'पैसे' हा शब्द जिथे येतो तिथे थांबा. 'प'च्या क्षणी ओठ मिटलेत का? एकदा चुकलं तर सोडून द्या. पण पाच-सहा शब्दांपैकी तीन-चार वेळा ओठ उघडेच राहिले, किंवा नुसते थरथरून गेले, तर क्लिपशी खेळ झालेला असण्याची शक्यता मोठी आहे.

तोंडाभोवतीही बघण्यासारखं असतं. मिशी किंवा दाढी असेल तर बोलताना तिच्या कडा विरघळल्यासारख्या होतात का? हनुवटीची रेघ मानेवरून घसरल्यासारखी दिसते का? माणूस मान वळवतो किंवा हात, माइक, कागद तोंडासमोरून जातो, तो क्षण तर मुद्दाम पकडा. समोरून स्थिर चेहरा असेल तर मॉडेलचं काम सोपं असतं. तोंड अर्धवट झाकलं गेलं की ते गोंधळतं आणि क्षणभर माइकवरच ओठ उमटल्यासारखे दिसतात.

आवाजाकडेही लक्ष द्या. खऱ्या पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांचा खडखडाट असतो, कोणीतरी खोकतं, सभागृहाचा घुमारा असतो. बनावट आवाज बहुतेक वेळा कोरडा असतो, बंद खोलीत माइकला चिकटून बोलल्यासारखा. चित्रात दोनशे लोकांचं सभागृह आणि कानाला मात्र स्टुडिओ, हे जुळत नाही. श्वास घ्यायला न थांबता लांबलचक वाक्यं, प्रत्येक वाक्याची एकसारखी चाल, हेही ऐकू येतं. आणि बोलण्याची ढब. सीतारामन यांची हिंदी ज्यांनी ऐकली आहे त्यांना त्यांचा दाक्षिणात्य हेल माहीत आहे. एखाद्या क्लिपमध्ये त्या अचानक उत्तर प्रदेशातल्या निवेदिकेसारख्या बोलू लागल्या तर थबकायला हवं. क्लिप मराठीत असेल तर 'ळ' आणि 'ण' कसे येतात, 'चमचा'तले दोन्ही 'च' वेगळे आहेत की एकसारखे, हे ऐका. मशीनने वाचलेली मराठी अशा ठिकाणी अडखळू शकते.

आता या तपासणीची मर्यादा. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेला खरा व्हिडिओही अस्पष्ट होतो. त्यामुळे नुसतं धूसर दिसणं हा पुरावा नाही. सगळं चित्र धूसर असेल तर ते कॉम्प्रेशन, फक्त तोंड धूसर आणि डोळे स्वच्छ असतील तर संशय. दुसरं, अधिकृतपणे डब केलेल्या व्हिडिओतही ओठ जुळत नाहीत, तिथे फसवणूक नसते. आणि तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चांगल्या साधनांनी, निवांत बसून बनवलेली क्लिप या सगळ्या कसोट्या पार करू शकते. काही क्लिपमध्ये तर बोलणाऱ्याचं तोंड दिसतच नाही. दोन सेकंद चेहरा, मग नोटा मोजणारं मशीन, शेअर बाजाराचे आलेख, आनंदी कुटुंब, आणि मागे नक्कल केलेला आवाज. तिथे ओठ बघणार कुठे? म्हणून ओठांची चाचणी 'खोटं' सांगू शकते, 'खरं' असल्याची खात्री देऊ शकत नाही.

डीपफेक ओळखणाऱ्या वेबसाइटचंही थोडंफार असंच आहे. त्या टक्केवारीत अंदाज देतात, एकच क्लिप दोन ठिकाणी टाकली तर दोन उत्तरं मिळतात, आणि फॉरवर्ड होऊन दबलेल्या व्हिडिओवर त्यांचा अंदाज आणखी डळमळतो. '१२ टक्के बनावट' असं उत्तर आलं म्हणून पैसे भरणं हा वेडेपणा आहे.

मूळ व्हिडिओ शोधा

माझ्या मते सगळ्यात भक्कम उपाय हा आहे, आणि गंमत म्हणजे यात तंत्रज्ञान जेमतेम लागतं. बनावट क्लिप खऱ्या व्हिडिओवर उभी असेल, तर तो खरा व्हिडिओ कुठेतरी असणारच. तो सापडला की वाद संपतो.

क्लिपमधली एखादी स्वच्छ फ्रेम निवडून स्क्रीनशॉट घ्या. त्यातून खालच्या पट्ट्या, सबटायटल्स आणि चॅनेलचा लोगो कापून टाका. हे सगळं नंतर चिकटवलेलं असतं आणि शोधाची दिशा चुकवतं. उरलेलं चित्र गुगल लेन्समध्ये टाका. चेहऱ्याचेच शेकडो फोटो आले तर चेहरा सोडून कपडे, मागचा पडदा, टेबलावरची फुलं एवढाच भाग कापून पुन्हा शोधा. निकालांमध्ये तीच साडी, तोच पडदा दिसला की कार्यक्रमाचं नाव कळतं, आणि त्या नावाने यूट्यूबवर मूळ व्हिडिओ सापडतो.

मूळ व्हिडिओत तीच जागा शोधायची कशी? हातवाऱ्यांवरून. ओठ बदलले तरी हात बदललेले नसतात. क्लिपमध्ये उजवा हात वर जातो, मग चष्मा सावरला जातो, मग त्या डावीकडे बघतात. हाच क्रम मूळ व्हिडिओत आला की आवाज ऐका. तिथे त्या जीएसटीबद्दल बोलत असतात किंवा बजेटबद्दल, आणि तुमच्या क्लिपमध्ये त्याच हातवाऱ्यांवर 'आजच नोंदणी करा' असतं.

मूळ सापडला नाही, तर उलट्या बाजूने विचार करा. देशाच्या अर्थमंत्र्यांनी खरोखर महिन्याला लाखो रुपयांची योजना जाहीर केली असती, तर ती बातमी फक्त एका प्रायोजित रीलमध्ये राहिली असती का? लोकसत्ता, सकाळ, दूरदर्शन, पीआयबी, कुठेच नाही, आणि फक्त तुमच्या फीडमध्ये आहे. केंद्र सरकारशी संबंधित दावा असेल तर तो पीआयबी फॅक्ट चेकला व्हॉट्सअ‍ॅपवर ८७९९७११२५९ या क्रमांकावर पाठवता येतो.

बोलणाऱ्याचं पद आणि दावा यांचा मेळ बसतो का, हेही बघा. एप्रिल २०२४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या डीपफेक व्हिडिओबद्दल इशारा दिला. त्यात ते शेअरच्या टिप्स देताना दिसत होते. काही दिवसांतच बीएसईलाही आपले प्रमुख सुंदररामन राममूर्ती यांच्याबद्दल तसाच खुलासा करावा लागला. एक्स्चेंजचं काम बाजार चालवणं. तिथल्या प्रमुखाने 'हा शेअर घ्या' सांगणं म्हणजे अंपायरने टॉसआधी कोणत्या टीमवर पैसे लावायचे ते सांगण्यासारखं. एनएसईने स्पष्टच म्हटलं होतं की आमच्या कर्मचाऱ्यांना कोणत्याही शेअरची शिफारस करण्याचा अधिकार नाही. हे माहीत असेल तर ओठ तपासायचीही गरज उरत नाही.

फेसबुकवर आणखी एक छोटी गोष्ट करता येते. जाहिरात देणाऱ्या पेजच्या माहितीत `Page transparency` हा भाग उघडा. पेज कधी सुरू झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं, हे तिथे दिसतं. तीन वर्षं केकच्या दुकानाचं असलेलं पेज गेल्या आठवड्यात 'इन्व्हेस्ट इंडिया' झालं असेल, तर ते हॅक झालंय किंवा विकत घेतलंय असं समजा. ब्लू टिक दिसली म्हणून गाफील राहू नका, ती आता पैसे भरूनही मिळते.

व्हिडिओ हे फक्त आमिष आहे

२०२४ मध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका डॉक्टरांची फसवणूक झाली. इन्स्टाग्रामवर मुकेश अंबानी यांचा व्हिडिओ दिसला. त्यात ते 'राजीव शर्मा ट्रेड ग्रुप' नावाच्या कंपनीचं कौतुक करत होते आणि चांगल्या परताव्यासाठी तिच्या अकॅडमीत सामील व्हा म्हणत होते. डॉक्टरांनी आंधळा विश्वास ठेवला नाही. इंटरनेटवर कंपनीची माहिती शोधली, लंडन आणि वांद्रे-कुर्ला संकुलातली कार्यालयं असल्याचं दिसलं. मग पैसे भरायला सुरुवात केली. जूनपर्यंत सात लाखांहून अधिक रक्कम गेली, आणि ती १६ वेगवेगळ्या बँक खात्यांमध्ये गेली. ट्रेडिंगच्या वेबसाइटवर मात्र ३० लाखांचा नफा दिसत होता. तो काढायला गेल्यावर पैसे निघेनात, तेव्हा प्रकार लक्षात आला.

या प्रकरणात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, तपासणी झाली होती, पण चुकीच्या गोष्टीची. वेबसाइट आणि ऑफिसचा पत्ता ही ठगांनीच तयार ठेवलेली उत्तरं असतात. दुसरी, त्या १६ खात्यांची. नोंदणीकृत ब्रोकर तुम्हाला प्रत्येक वेळी नव्या नावाच्या, नव्या बँकेतल्या खात्यात पैसे टाकायला सांगत नाही. खाती बदलतात कारण ती भाड्याने घेतलेली असतात. एक गोठवलं गेलं की पुढचं तयार असतं. दुसऱ्या खात्याचा नंबर आला तिथेच थांबायला हवं होतं, असं आज सहज म्हणता येतं. पण समोर स्क्रीनवर नफा वाढताना दिसत असतो आणि फोनवरचा 'मॅनेजर' रोज आपुलकीने बोलत असतो, तेव्हा ते सोपं नसतं.

स्क्रीनवरचा तो नफा म्हणजे काय? काहीच नाही. ती वेबसाइट ठगांची, तिच्यावरचे आकडे ते टाइप करतात. बाजारात एकही शेअर घेतलेला नसतो. अनेकदा सुरुवातीला दोन-चार हजार रुपये खरोखर परत दिले जातात, म्हणजे विश्वास बसावा. मोठी रक्कम मागितली की आधी 'टॅक्स' भरा, मग 'प्रोसेसिंग फी' भरा असं सुरू होतं. इथे लक्षात ठेवा, शेअरच्या नफ्यावरचा कर तुम्ही आयकर विभागाकडे भरता. पैसे काढण्याआधी तो ब्रोकरच्या खात्यात भरायची कोणतीही पद्धत नाही.

त्या २१-२२ हजारांचं कोडंही इथे सुटतं. परदेशात अशाच जाहिराती वर्षानुवर्षं २५० डॉलरची सुरुवातीची रक्कम मागत आल्या आहेत. २०२४-२५च्या दराने त्याचे साधारण तेवढेच रुपये होतात. ब्रिटनमध्ये जुलै २०२३ मध्ये मार्टिन लुईस या लोकप्रिय आर्थिक सल्लागाराचा डीपफेक आला, त्यातही 'क्वांटम एआय'च होतं. म्हणजे दुकान तेच, रक्कमही तीच, फक्त प्रत्येक देशात तिथला ओळखीचा चेहरा दारावर उभा केला जातो.

पैसे पाठवण्याआधीची तपासणी

त्यामुळे व्हिडिओ खरा की खोटा हे ठरवता आलं नाही तरी हरकत नाही. पैसे घेणारा कोण आहे, हे ठरवता येतं.

शेअर किंवा म्युच्युअल फंडासाठी पैसे घेणारा सेबीकडे नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी क्रमांक त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप फोटोवर बघू नका, `sebi.gov.in` वर जाऊन नाव शोधा. पण ठग खऱ्या ब्रोकरचं नाव आणि क्रमांकही चोरतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने यूपीआयची वेगळी व्यवस्था सुरू केली आहे. नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांच्या यूपीआय आयडीमध्ये `@valid` आणि त्यापुढे बँकेचं नाव असतं. ब्रोकरसाठी `.brk`, म्युच्युअल फंडासाठी `.mf`. म्हणजे आयडी साधारण असा दिसतो:

```
abc.brk@validhdfc
```

पैसे पाठवताना स्क्रीनवर हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. ही खूण ठगाला स्वतःच्या जाहिरातीत रंगवता येईल, पण तुमच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये आणता येत नाही. म्हणून ती तिथेच बघा. बँक ट्रान्सफर करायची असेल तर 'सेबी चेक' या सुविधेत खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड टाकून ते खातं त्या ब्रोकरचंच आहे का ते तपासता येतं. सेबीच्या सारथी अ‍ॅपमध्ये ती सापडेल. एखाद्या व्यक्तीच्या नावाचं, किंवा कुठल्या तरी ट्रेडर्स-एंटरप्रायझेसचं खातं दिलं गेलं असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

पैसे गेले असतील तर

आधी १९३० वर फोन करा, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा, आणि बँकेला कळवा. हा क्रम आणि वेळ महत्त्वाची आहे. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात काही तासांतच फिरवले जातात. ते जिथे पोहोचले असतील तिथे रोखून धरण्यासाठी १९३० ची यंत्रणा बँकांशी जोडलेली आहे, पण पैसे खात्यात उरलेले असतील तरच त्याचा उपयोग. 'मुलगा संध्याकाळी घरी आला की बघू' असं म्हणू नका. यूपीआय किंवा एनईएफटीचा व्यवहार क्रमांक, समोरचं खातं, तारीख आणि वेळ हाताशी ठेवा.

जाहिरात रिपोर्ट करायची घाई मात्र थोडी थांबवा. आधी तिची लिंक कॉपी करा, पेजच्या नावासकट स्क्रीनशॉट घ्या, शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. जाहिरात एकदा काढली गेली की पोलिसांना दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आणि फॅमिली ग्रुपवर हा व्हिडिओ काकांनीच टाकला असेल, तर त्यांना ग्रुपवर चिडवू नका. स्वतंत्र फोन करून एवढंच विचारा की, 'काका, तुम्ही यात नाव-नंबर भरलाय का?' भरला असेल तर पुढचे काही आठवडे त्यांना फोन येत राहतील. पैसे गेले असतील तर महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. तुमचे बुडालेले पैसे आम्ही सायबर सेलमधून, वकिलामार्फत किंवा आरबीआयकडून काढून देतो, फक्त आधी फी भरा. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा दुसरा फोन अनेकदा त्याच टोळीचा असतो.